पंचवीस लाखांचा दावा आणि दोन लाख एकोणतीस हजारांचं नुकसान

नमस्कार वकीलसाहेब,
कोल्हापुरात नवीन फ्लॅट घेतला. स्वयंपाकघर, दोन खोल्यांची कपाटं आणि हॉल असं काम एका इंटीरिअर कॉन्ट्रॅक्टरला ४ लाख ८० हजारांत दिलं. त्यातले ३ लाख देऊन झाले. जानेवारीअखेर काम पूर्ण करायचं ठरलं होतं. तसं लेखी आहे आणि उशीर झाला तर रोज १ हजार रुपये, असंही त्यात लिहिलंय. डिसेंबरात माणसं गेली ती परत आलीच नाहीत. आता ऑगस्ट चालू आहे. दुसरा सुतार उरलेल्या कामाचे ३ लाख ९० हजार सांगतोय. त्यात ४५ हजार ॲक्रिलिकच्या शटरचे आहेत, आधी साधं लॅमिनेट ठरलं होतं. आम्ही अजून १६ हजार भाड्याच्या घरात आहोत. या सगळ्यात सासूबाईंचं दुखणं वाढलं. न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, पंचवीस लाखांचा दावा टाक, इकडे असंच करतात. ओळखीचे एक वकीलही म्हणाले, ‘पंचवीस टाकू, पाच तरी मिळतील.’ मला पैशांपेक्षा त्याला अद्दल घडवायची आहे. टाकू का?
– एक वाचक, कोल्हापूर

ताई,

पंचवीस टाकू नका. पाच मिळतील हा हिशेबही डोक्यातून काढून टाका. भाजीबाजारात चढा भाव सांगून मध्यावर उतरतात, तसं कोर्टात होत नाही. न्यायाधीश तुमच्या आकड्यापासून खाली येत नाहीत. ते शून्यापासून सुरू करतात आणि जी जी रक्कम कागदावर सिद्ध होईल ती मिळवत वर जातात. मागणी पंचवीसची असो की पन्नासची, बेरीज तेवढीच येते.

ही बेरीज कशाची होते ते भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या कलम ७३ मध्ये आहे. समोरच्यानं करार मोडला म्हणून जे नुकसान स्वाभाविकपणे झालं, किंवा करार करतानाच दोघांना माहीत होतं की मोडला तर हे होणार, तेवढं भरून द्यायचं. दूरचं, आडवळणाचं नुकसान धरायचं नाही. करार पाळला गेला असता तर तुम्ही पैशांच्या बाबतीत जिथं असता, तिथं तुम्हाला नेऊन ठेवायचं, हा त्यामागचा हेतू. तिथून एक पायरीही वर नाही. हे तत्त्व मूळचं १८५४ सालच्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या इंग्लिश खटल्यातलं. एका पिठाच्या गिरणीचा तुटलेला दांडा नमुन्यासाठी पोहोचवायला वाहतूकदारानं उशीर केला आणि गिरणी तेवढे दिवस बंद राहिली. गिरणीवाल्यांनी बुडालेला नफा मागितला. तो मिळाला नाही, कारण दुसरा दांडा नाही आणि गिरणी त्यावाचून बंद पडलीय, हे वाहतूकदाराला कळेल अशी परिस्थिती नव्हती.

आता तुमचं नुकसान मांडू. इथं बहुतेक जण पहिली चूक करतात. ‘मी दिलेले ३ लाख परत द्या आणि दुसऱ्या सुताराचे ३ लाख ९० हजारही द्या,’ असं लिहितात. म्हणजे ६ लाख ९० हजार. पण हे दोन्ही मिळाले तर तुमचं अख्खं स्वयंपाकघर आणि सगळी कपाटं फुकटात झाली की! करार पाळला असता तरी तुम्हाला ४ लाख ८० हजार मोजावे लागणारच होते. म्हणून हिशेब असा: आधी दिलेले ३ लाख, काम पूर्ण करायला लागणारे ३ लाख ९० हजार, त्यातून ॲक्रिलिकचे ४५ हजार वजा. ही शटर तुमच्या हौसेची आहेत, तो भार कॉन्ट्रॅक्टरवर पडत नाही. उरले ६ लाख ४५ हजार. त्यातून कराराची किंमत ४ लाख ८० हजार वजा केली की उरतात १ लाख ६५ हजार. तुमचं या कामातलं खरं नुकसान एवढं आहे.

दुसरी बाब भाड्याची. ती मागता येते, पण दोन अटींवर. जानेवारीअखेर ताबा मिळाला नाही तर भाडं चालू राहणार, हे त्याला काम घेतानाच माहीत असायला हवं. तेव्हाचा ‘जानेवारीत घरमालकाला घर सोडतोय म्हणून सांगितलंय’ असा एखादा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर तो जपून ठेवा, तुमच्या कागदांतला तो फार मोलाचा ठरेल. दुसरी अट तुम्हाला आवडणार नाही. कलम ७३ चं स्पष्टीकरण सांगतं की नुकसान मोजताना ते आटोक्यात ठेवण्याचे कोणते मार्ग तुमच्या हाती होते, तेही बघायचं. माणसं डिसेंबरात गेली. जानेवारी संपला तेव्हा ती येणार नाहीत हे पुरेसं उघड होतं. फेब्रुवारी फोन करण्यात गेला, मार्चमध्ये नवीन कोटेशन घेतलं, एप्रिल-मेमध्ये काम झालं, असं धरलं तर एखादं समंजस कुटुंब मेअखेर नव्या घरात राहायला गेलं असतं. म्हणून फेब्रुवारी ते मे असे चार महिने, ६४ हजार रुपये, मी धरतो. जूनपासूनचं भाडं कॉन्ट्रॅक्टरच्या माथी मारणं अवघड आहे. दुसऱ्या सुताराला द्यायला हातात पैसाच नव्हता, गृहकर्जाचे हप्ते चालू होते, असं काही असेल तर ते दाव्यात जरूर लिहा आणि बँकेचं स्टेटमेंट जोडा. मग पुढचे महिने मिळण्याची थोडी शक्यता राहते.

१ लाख ६५ हजार आणि ६४ हजार मिळून २ लाख २९ हजार होतात. यावर नोटीस दिल्याच्या तारखेपासूनचं व्याज मागा.

तुम्ही विचाराल, मग रोजच्या हजाराचं काय? १ फेब्रुवारीपासून मोजलं तर जुलैअखेरच १ लाख ८१ हजार होतात, आणि ते तर त्यानंच सही करून कबूल केलंय. कलम ७४ इथं आडवं येतं. करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. मिळते ती त्या मर्यादेच्या आतली वाजवी भरपाई. १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे ठळकपणे सांगितलं. बंगल्याच्या व्यवहारात खरेदीदाराकडून आलेले २५ हजार विक्रेता कराराच्या कलमाच्या जोरावर जप्त करू पाहत होता. न्यायालयानं त्यातले बयाणा म्हणून दिलेले १ हजारच ठेवू दिले. बाकी २४ हजारांबाबत, नुकसान काय झालं ते दाखव, असा प्रश्न आला आणि त्याला ते दाखवता आलं नाही. नुकसान मोजणंच कठीण असेल तेव्हा करारातला आकडा वाजवी अंदाज म्हणून धरला जातो. तुमच्या बाबतीत मात्र ते मोजता येतं. भाडं महिन्याला १६ हजार, म्हणजे दिवसाला साधारण ५३० रुपये. मग हजार कशाचे, असं कोर्ट विचारणार. शिवाय एकाच उशिराबद्दल भाडं आणि रोजचा हजार, दोन्ही मिळत नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर मुख्य मागणी भाड्याची ठेवली असती आणि कराराच्या कलमाची मागणी ‘पर्यायी’ म्हणून लिहिली असती.

आता अद्दलीकडे येऊ, कारण तुमचं मन तिथं आहे. तुम्हाला जी हवी आहे ती दंडात्मक नुकसानभरपाई. तुमचं काय गेलं याच्याशी तिचा संबंध नसतो. समोरचा किती निर्ढावलेपणानं वागला याच्याशी असतो. आणि करारभंगाच्या साध्या दाव्यात कायदा नेमकी तीच गोष्ट विचारत नाही. त्यानं जाणूनबुजून काम सोडलं, आळसानं सोडलं की दुसरीकडे जास्त पैसे मिळाले म्हणून सोडलं, तिन्ही बाबतींत तुमचा आकडा २ लाख २९ हजारच राहतो. पहिल्यांदा ऐकताना हे संतापजनक वाटतं, मला कल्पना आहे. पण कारणं विचार करण्यासारखी आहेत.

दिवाणी दाव्यात पुराव्याचा काटा हलका असतो. तुमची बाजू खरी असण्याची शक्यता जास्त दिसली तरी तुम्ही जिंकता. एवढ्याशा पुराव्यावर कुणाला ‘भरून दे’ म्हणता येतं, ‘शिक्षा भोग’ म्हणणं धोक्याचं असतं. शिक्षेसाठी फौजदारी न्यायालय आहे. तिथं संशयापलीकडचा पुरावा लागतो आणि आरोपीला जास्त संरक्षण असतं. शिवाय दंड वसूल झालाच तर तो सरकारजमा होतो, तक्रारदाराच्या खिशात आपोआप जात नाही. नुकसानीच्या वरची रक्कम तुम्हाला का मिळावी, या प्रश्नाला दिवाणी कायद्याजवळ समाधानकारक उत्तर नाही. तिसरं कारण व्यवहाराचं. उद्या एखाद्या सुताराला खरोखरच अडचण आली आणि काम सोडावं लागलं, तर आपल्याला जास्तीत जास्त किती भरावं लागेल हे त्याला आधी कळायला हवं. प्रत्येक मोडलेल्या करारामागं हेतू शोधायचा आणि त्यावर दंड बसवायचा ठरवलं तर लहान माणसं काम अंगावर घ्यायलाच धजावणार नाहीत.

म्हणून हा दंड मोजक्या ठिकाणी ठेवलेला आहे. १९६४ साली रुक्स विरुद्ध बर्नार्ड खटल्यात लॉर्ड डेव्हलिन यांनी इंग्लंडपुरत्या त्याच्या तीन जागा सांगितल्या: सरकारी नोकरांची जुलमी, मनमानी कृती, भरपाई देऊनही आपण नफ्यातच राहू असा हिशेब करून केलेलं गैरकृत्य, आणि जिथं कायद्यानंच तशी मुभा दिली आहे ती प्रकरणं. आपली न्यायालयंही अनेकदा याच चौकटीतून बघतात. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ च्या आगीत ५९ माणसं गेली. तिथं दिल्ली उच्च न्यायालयानं मालकांवर अडीच कोटींची दंडात्मक भरपाई बसवली. जादा खुर्च्या टाकून त्यांनी जो नफा कमावला त्याच्या आधारे हा आकडा काढलेला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो २५ लाखांवर आणला. एवढ्या माणसांचा जीव गेलेल्या प्रकरणात, ताई, एकूण दंडात्मक रक्कम २५ लाख. तुम्ही स्वयंपाकघरासाठी तोच आकडा मागताय.

भाच्याचंही अगदीच चुकीचं नाही, पण त्याच्यापर्यंत बातमीचा पहिला भागच पोहोचलेला असतो. अमेरिकेतलं बीएमडब्ल्यू विरुद्ध गोर हे प्रकरण बघा. अलाबामातल्या एका डॉक्टरला नवीन म्हणून विकलेली गाडी आधीच पुन्हा रंगवलेली निघाली. नुकसान ठरलं ४ हजार डॉलर आणि ज्यूरीनं दंड ठोकला ४० लाख डॉलर. ही झाली बातमी. पुढं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो २० लाखांवर आणला, १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तोही भरमसाट म्हणून रद्द केला, आणि शेवटी आकडा ५० हजारांवर आला. तोही दोष लपवून फसवणूक केली म्हणून. नुसता करार मोडला, एवढ्यावर तिकडेही सहसा दंडात्मक भरपाई मिळत नाही. भाच्याला त्याच्या न्यू जर्सीतल्या एखाद्या वकिलाला विचारून बघायला सांगा.

तुमच्यासाठी एक खिडकी मात्र उघडी आहे. घराचं काम करून देणं ही ‘सेवा’ आहे, म्हणून तुम्ही ग्राहक म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ मध्ये आयोगाला दंडात्मक भरपाई देण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलाय. असा अधिकार कसा वापरला जातो आणि कसा निसटतो, हे आधीच्या ग्राहक कायद्याखालच्या जनरल मोटर्सच्या प्रकरणात दिसतं. गुजरातमधल्या एका ग्राहकानं कंपनीची मोठी गाडी घेतली. जाहिरातीत ती कुठल्याही वाटेनं जाईल असं सांगितलं होतं, पुस्तिकेत मात्र खडबडीत वाटेवर नेऊ नका असं लिहिलेलं. प्रकरण राष्ट्रीय आयोगापर्यंत गेलं. आयोगानं हिशेब केला की अशा शेकडो गाड्या विकल्या गेल्यात, आणि २५ लाखांची दंडात्मक भरपाई लावली. त्यातले ५ लाख तक्रारदाराला आणि २० लाख ग्राहक कल्याण निधीला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा दंड रद्द केला. तक्रारीत दंडात्मक भरपाईची मागणीच नव्हती, इतर ग्राहकांबद्दल काही मांडलेलं नव्हतं, आणि आपल्यावर असा दंड येऊ शकतो याची कंपनीला कल्पना देऊन तिचं म्हणणं ऐकलेलं नव्हतं.

यावरून तुम्ही काय करायचं? तुमच्या कॉन्ट्रॅक्टरनं फक्त तुमचंच काम सोडलंय की हा त्याचा धंदाच आहे, याची चौकशी करा. त्याच हंगामात त्यानं आणखी चार-पाच घरांतून ॲडव्हान्स घेतला आणि प्रत्येक ठिकाणी थोडा सांगाडा उभा करून पोबारा केला, असं निघालं तर चित्र बदलतं. मग त्या लोकांच्या पावत्या, मेसेज, जमल्यास प्रतिज्ञापत्रं घ्या. तक्रारीत दंडात्मक भरपाईचा वेगळा परिच्छेद लिहा, कशासाठी आणि किती ते सांगा, आणि आकडा पटण्यासारखा ठेवा. असं काही सापडलं नाही तर तो परिच्छेद लिहूच नका. पुराव्याशिवाय ओरडलेला मोठा आकडा खालच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास कमी करतो. मी हे सुनावणीत घडताना पाहिलंय.

मनस्तापाचे पैसे वेगळे, ते दंडात धरू नका. साध्या व्यापारी करारात ते मिळत नाहीत. २००० साली गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मनस्तापासाठी दिलेले ५० हजार काढून टाकले. ग्राहक म्हणून मात्र छळाबद्दल भरपाई मागता येते, हे लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या निकालानं पक्कं केलंय. ही रक्कम बहुधा काही हजारांतच असते, पण ती मागा. सासूबाईंच्या दुखण्याचा खर्च त्यात घालू नका. ते दुखणं सुतारकाम रखडल्यामुळे वाढलं हे कुठलाही डॉक्टर लिहून देणार नाही, आणि कलम ७३ मधलं ‘दूरचं नुकसान’ म्हणजे नेमकं हेच.

आयोगात जाण्याचे पैशांतले फायदेही आहेत. कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही किती मागताय यावर ठरत नाही, तुम्ही किती मोबदला दिलाय यावर ठरतं. तुम्ही ३ लाख दिलेत, म्हणून जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तिथं फी नाही. दिवाणी न्यायालयात मात्र मागणीच्या आकड्यावर कोर्ट फी चढते. पंचवीस लाखांवर फी भरून सव्वादोन लाखांचा हुकूमनामा घेऊन बाहेर पडलात, तर फेटाळलेल्या भागावरची फी तुमच्याच अंगावर पडण्याची शक्यता जास्त. ‘पंचवीस टाकू’ म्हणणाऱ्या वकिलांना हा हिशेब एकदा कागदावर करून मागा.

पोलिसांत जायचा विचार असेल तर त्याचीही एक परीक्षा आहे. फसवणुकीचा गुन्हा व्हायला पैसे घेतानाच काम न करण्याचा हेतू असावा लागतो. तुमच्याकडे डिसेंबरपर्यंत माणसं येत होती आणि काही काम झालंय, म्हणून एकट्या तुमच्या प्रकरणात ते दाखवणं जड जाईल. वर म्हटलेली चार-पाच घरं सापडली तर मात्र तेच पुरावे इथंही उपयोगी पडतील.

दुसऱ्या सुताराला कामाला लावायच्या आधी मात्र थांबा. त्यानं जुना सांगाडा उखडला की पहिल्यानं किती काम केलं होतं याचा पुरावा संपला, आणि मग तो येऊन सांगेल, ‘माझं साडेतीन लाखांचं काम झालं होतं.’ प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा. आणखी एका सुताराकडून किंवा इंटीरिअर डिझायनरकडून झालेल्या आणि उरलेल्या कामाचं लेखी माप आणि कोटेशन घ्या. त्यात लॅमिनेटचा भाव वेगळा लिहून घ्या. मग स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, पंधरा दिवसांत काम पूर्ण कर नाहीतर दुसऱ्याकडून करून घेऊन फरक तुझ्याकडून वसूल करू, असं लिहून. तो उत्तर देणार नाही बहुतेक, पण तुमच्या हिशेबाला त्यानं आधार मिळतो. पंधरा दिवस झाले की सुताराला बोलवा, भाड्याचं घर सोडा. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं आहेत, तेव्हा दाखल करायची घाई नाही, घाई आहे ती फोटोंची.